तिसऱ्या वर्षी बदललेला कर: घसाऱ्याची ढाल आणि प्रकल्पाचे मोल

२० सप्टेंबर २०१९ रोजी पणजीत वस्तू व सेवा कर परिषदेची बैठक होती. त्याच दिवशी अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी कंपन्यांवरील आयकराचा मूळ दर ३०% वरून २२% वर आणणारा अध्यादेश जाहीर केला. मोठ्या नफ्याच्या कंपनीला अधिभार आणि उपकर धरून तोवर ३४.९४४% कर पडत होता. नव्या पर्यायात तो २५.१६८% झाला. सरकारी तिजोरीचे वर्षाला १.४५ लाख कोटी रुपये कमी होतील, असा अंदाज त्याच वेळी सांगण्यात आला. त्या दिवशी सेन्सेक्स १,९२१ अंशांनी वर गेला.

जाहीर झाला सप्टेंबरात, पण लागू झाला १ एप्रिल २०१९ पासून. आगाऊ कराचा दुसरा हप्ता १५ सप्टेंबरला असतो आणि तोवर वर्षाच्या कराचा ४५% भाग भरलेला असावा लागतो. म्हणजे कंपन्यांनी जुन्या दराने दोन हप्ते भरले आणि पाचच दिवसांत दर बदलला. हा फरक पुढे डिसेंबर आणि मार्चच्या हप्त्यांत वळता करून घेता आला. हिशेबाचा अवघड भाग वेगळाच होता. ज्या कारखान्यांनी एप्रिल २०१७ मध्ये यंत्रे बसवली होती, त्यांच्या प्रकल्पाचे ते तिसरे वर्ष होते. यंत्रे घेण्याचा निर्णय ३५% कर गृहीत धरून झाला होता, पैसे खर्च झाले होते, दोन वर्षांचा घसारा घेऊन झाला होता. दर खाली आला तेव्हा अशा प्रकल्पाचे मोल किती वाढले? दहा टक्क्यांनी कर कमी झाला म्हणून तितक्याच प्रमाणात फायदा वाढला, असे उत्तर पटकन सुचते. ते चुकीचे आहे, आणि त्याचे मुख्य कारण घसारा हे आहे.

यंत्राची किंमत ज्या वर्षी मोजली त्याच वर्षी ती सगळी खर्च म्हणून धरायला आयकर कायदा परवानगी देत नाही. ती वर्षानुवर्षे थोडी थोडी वजा करता येते. ही वजावट म्हणजे घसारा. त्या त्या वर्षी त्यासाठी खिशातून काही जात नाही, पण करपात्र नफा तेवढा कमी दिसतो आणि कर वाचतो. १०० रुपये घसारा आणि ३५% कर असेल तर ३५ रुपये वाचतात. वित्तव्यवहारात या बचतीला करढाल म्हणतात. ढालीची जाडी दोन गोष्टींवर ठरते: त्या वर्षी किती घसारा मिळतो आणि त्याच वर्षी कराचा दर किती आहे. दुसरी गोष्ट लोक विसरतात. यंत्र घेतले त्या वर्षीचा दर ढालीला कायमचा चिकटलेला नसतो. २०१७ साली घेतलेल्या यंत्राचा २०२१ सालचा घसारा २०२१ च्या दरानेच कर वाचवतो. त्यामुळे दर उतरला की पुढच्या सगळ्या वर्षांची ढाल पातळ होते.

एक हिशेब मांडून पाहिला की हे स्पष्ट होते. उदाहरण कल्पित आहे, नियम मात्र खरे आहेत. वर्षाला ४०० कोटींहून जास्त उलाढाल असलेली एक कंपनी एप्रिल २०१७ मध्ये १० कोटींची, म्हणजे १,००० लाखांची यंत्रे बसवते. (उलाढालीची ही अट महत्त्वाची आहे. त्याहून लहान कंपन्यांचा मूळ दर २०१९ च्या अर्थसंकल्पानेच २५% वर आणलेला होता, त्यामुळे त्यांच्या बाबतीत फरक पुष्कळ कमी पडला.) यंत्रांमुळे घसारा आणि कर वजा करण्यापूर्वी वर्षाला २५० लाखांची शिल्लक हाती राहते. यंत्रे आठ वर्षे चालतात आणि शेवटी त्यांना भंगाराचीही किंमत येत नाही. कंपनीचा इतर धंद्यातला नफा भरपूर आहे, म्हणून मिळालेला घसारा त्याच वर्षी पूर्ण वापरला जातो. सोपे जावे म्हणून जुना दर ३५% आणि नवा २५% धरला आहे.

निव्वळ वर्तमान मूल्य काढायचे म्हणजे पुढच्या प्रत्येक वर्षी हाती येणारी रोख रक्कम आजच्या पैशांत बदलायची, त्यांची बेरीज करायची आणि तीतून गुंतवणूक वजा करायची. आजच्या पैशांत बदलताना जो वार्षिक दर लावतात तो वटावाचा दर. येथे तो १२% आहे. प्रत्येक वर्षाची रक्कम वर्षअखेरीस येते असे समजले आहे.

यंत्रांवर आयकराच्या नियमांनुसार सर्वसाधारणपणे १५% घसारा मिळतो, आणि तो मूळ किमतीवर न मिळता उरलेल्या शिलकीवर मिळतो. पहिल्या वर्षी १,००० लाखांवर १५०, मग शिल्लक ८५०. दुसऱ्या वर्षी १२७.५, मग शिल्लक ७२२.५. अशी ही शिल्लक घटत जाते पण कधी शून्याला पोचत नाही. शिवाय भारतात प्रत्येक यंत्राचा घसारा वेगळा मोजत नाहीत. एकाच दराची सगळी यंत्रे एका ब्लॉकमध्ये जातात. एखादे यंत्र मोडीत निघाले तरी कंपनीची दुसरी यंत्रे त्या ब्लॉकमध्ये असेपर्यंत त्याच्या उरलेल्या किमतीवर घसारा चालूच राहतो. कारखान्यातून यंत्र गेलेले असते आणि करपत्रकात ते जिवंत असते, अशी ही गंमत आहे. तिचा एक फायदा म्हणजे हिशेब सोपा होतो. १५% घसारा अखंड चालू आणि वटाव १२%, तर पुढच्या सगळ्या घसाऱ्याचे आजचे मूल्य शिलकीच्या १५ भागिले २७ इतके, म्हणजे ५५.५६% येते. छेदातले २७ म्हणजे १५ आणि १२ यांची बेरीज.

आता एप्रिल २०१७ चा निर्णय पाहू. वर्षाला २५० लाखांतून ३५% कर गेल्यावर १६२.५ लाख उरतात. आठ वर्षांच्या या रकमेचे तेव्हाचे मूल्य ८०७.२ लाख. १,००० लाखांवरील सगळ्या घसाऱ्याचे मूल्य ५५५.६ लाख आणि त्याच्या ३५% म्हणजे १९४.४ लाख ही ढालीची किंमत. दोन्ही मिळून १,००१.७ लाख. गुंतवणूक वजा जाता निव्वळ वर्तमान मूल्य फक्त १.७ लाख उरते. प्रकल्प जेमतेम पास झाला, आणि तोही ढालीच्या बळावर. ढाल नसती तर तो जवळजवळ दोन कोटींनी नापास होता.

मग सप्टेंबर २०१९ येतो. नवा हिशेब १ एप्रिल २०१९ या बिंदूवर उभे राहून करायचा, कारण दर त्या तारखेपासून लागू आहे. त्याआधीची दोन वर्षे बंद झालेली आहेत. त्या वर्षांचा नफा ३५% नेच करपात्र झाला आणि त्या वर्षांच्या २७७.५ लाख घसाऱ्यानेही ३५% नेच कर वाचवला. त्यात आता काही बदलत नाही. पुढच्या वर्षांना मात्र दोन ओढी लागतात, आणि त्या एकमेकींच्या उलट दिशेने ओढतात.

पहिली ओढ फायद्याची. तिसऱ्यापासून आठव्या वर्षापर्यंत सहा वर्षे दरवर्षी २५० लाखांवर दहा टक्के कमी कर, म्हणजे वर्षाला २५ लाख जास्त हाती. सहा वर्षांच्या या रकमेचे १ एप्रिल २०१९ चे मूल्य १०२.८ लाख. दुसरी ओढ तोट्याची. शिल्लक ७२२.५ लाखांवर पुढे मिळणाऱ्या घसाऱ्याचे मूल्य ४०१.४ लाख आहे. जुन्या दराने ही ढाल १४०.५ लाखांची होती, नव्या दराने १००.३५ लाखांची झाली. म्हणजे ४०.१ लाख गेले. उरलेला खरा फायदा ६२.६ लाख. दर कमी झाल्याचा म्हणून जो फायदा दिसत होता, त्याचे सुमारे ३९% एकट्या घसाऱ्याने खाल्ले.

२०१७ च्या पैशांत मांडले तर हा फायदा ४९.९ लाख होतो आणि मूळचे १.७ लाखांचे निव्वळ वर्तमान मूल्य ५१.६ लाखांवर जाते. पण हा आकडा कंपनीच्या कामाचा नाही. २०१७ चा निर्णय आता फिरवता येत नाही. प्रकल्प पुढे चालू ठेवायचा का, विकायचा का, वाढवायचा का, हे प्रश्न २०१९ मध्ये उभे राहूनच सोडवावे लागतात, आणि तिथे उपयोगी पडतो तो ६२.६ लाखांचा आकडा.

वर्षावर्षाची रोख रक्कम पाहिली तर आणखी एक गोष्ट दिसते. तिसऱ्या वर्षी घसारा १०८.४ लाख आहे, म्हणजे करपात्र नफा १४१.६ लाख आणि दहा टक्क्यांचा फायदा १४.२ लाख. आठव्या वर्षी घसारा ४८.१ लाखांवर आलेला असतो, करपात्र नफा २०१.९ लाख आणि फायदा २०.२ लाख. फायदा दरवर्षी वाढत जातो, कारण ढाल दरवर्षी लहान होत जाते. आठव्या वर्षानंतर यंत्रे बंद, उत्पन्न शून्य. पण ब्लॉकमध्ये २७२.५ लाख शिल्लक असतात आणि नवव्या वर्षी त्यांवर ४०.९ लाख घसारा मिळतो. त्या वर्षी दरकपातीचा परिणाम उणे ४.१ लाख असतो, आणि तो पुढेही हळूहळू कमी होत चालू राहतो. प्रकल्पाचा तक्ता आठव्या वर्षी संपवणाऱ्याला ही शेपटी दिसतच नाही.

याच हिशेबातून पुढचा प्रश्न सुटतो: करकपातीने एखाद्या प्रकल्पाचे मोल घटू शकते का? घटू शकते. उरलेल्या घसाऱ्याचे मूल्य उरलेल्या उत्पन्नाच्या मूल्यापेक्षा जास्त असेल तेव्हा ते घटते. वरच्या उदाहरणात ही सीमारेषा वर्षाला ९७.६ लाखांवर पडते. माल खपत नाही म्हणून २५० लाखांऐवजी ९० लाखच हाती येऊ लागले असतील, तर तिसऱ्या वर्षीची करकपात त्या प्रकल्पाला वरदान नसून आणखी एक फटका आहे. कंपनीच्या इतर नफ्यावर जास्त दराने कर वाचवणे हीच त्या यंत्रांची उरलेली मोठी कमाई होती, आणि तीच कमी झाली. कंपनीला एकूण फायदाच होतो. फक्त तो या प्रकल्पाच्या खात्यात मांडता येत नाही.

घसारा किती घाईने घेता आला यावरही बरेच ठरते. उत्पादन करणाऱ्या कंपनीला नव्या यंत्रांवर पहिल्या वर्षी २०% जादा घसारा मिळत असे. आपल्या कंपनीने तो घेतला असता तर पहिल्या वर्षी १५० ऐवजी ३५० लाख वजा झाले असते, आणि एप्रिल २०१९ मध्ये शिल्लक ७२२.५ ऐवजी ५५२.५ लाख राहिली असती. ढालीचा तोटाही ४०.१ ऐवजी ३०.७ लाखच झाला असता. जादा घसारा ३५% च्या वर्षी वाजवून घेतला, आणि त्यापायी पुढे वाढलेला करपात्र नफा २५% च्या वर्षांत आला. एरवी घाईच्या घसाऱ्याचा फायदा फक्त व्याजाचा असतो, कारण आज वाचलेला कर उद्या भरावाच लागतो. मधेच दर उतरला तर त्या कराचा एक भाग कायमचाच वाचतो.

याचे टोक पवनचक्क्यांत दिसते. साताऱ्याच्या वनकुसवडे पठारावर आणि अन्यत्र पवनचक्क्या उभ्या राहण्यामागे वाऱ्याइतकाच आयकर कायदा होता, असे म्हटले तर फार अतिशयोक्ती होणार नाही. या यंत्रांना एके काळी ८०% घसारा मिळे. १ एप्रिल २०१७ पासून त्याची कमाल मर्यादा ४०% झाली. ८०% च्या दराने दोन वर्षांत किमतीच्या ४% एवढीच शिल्लक उरते. अशा प्रकल्पाच्या तिसऱ्या वर्षी दर उतरला तर ढालीचे नुकसान नगण्य, आणि वीजविक्रीचे पुढचे सगळे उत्पन्न कमी दराने करपात्र. उलट इमारतीवर घसारा १०% असतो. कारखान्याची शेड बांधण्यात मोठा पैसा घातला असेल तर तिसऱ्या वर्षी ८१% किंमत अजून वजा व्हायची बाकी असते.

आतापर्यंत वटावाचा दर १२% स्थिर धरला. वास्तविक तोही कराच्या दरावर अवलंबून आहे, आणि अनेक हिशेबांत इथेच चूक होते. कर्जावरचे व्याज हीदेखील वजावटच आहे. कर्ज १०% दराचे असेल तर ३५% कराच्या काळात ते कंपनीला ६.५% ला पडते, २५% कराच्या काळात ७.५% ला. भांडवल निम्मे कर्जाचे आणि निम्मे भागधारकांचे असेल आणि भागधारकांची अपेक्षा १७.५% असेल, तर जुना सरासरी खर्च बरोबर १२% आणि नवा १२.५%. अर्धाच टक्का, पण तो उरलेल्या सगळ्या वर्षांना लागतो. पुन्हा हिशेब केला तर १ एप्रिल २०१९ नंतरच्या रोख रकमांचे मूल्य जुन्या दराने ८०८.६ लाख होते. फक्त कराचा दर बदलला तर ते ८७१.२ लाख होते. वटावाचा दरही बदलला तर ८५८.६ लाखांवरच थांबते. फायदा ६२.६ वरून ५० लाखांवर आला. घसाऱ्याची ढाल आणि व्याजाची ढाल, दोन्ही एकाच दराने पातळ होतात. तक्त्यात करदराचा रकाना बदलून वटावाचा दर तसाच ठेवणे म्हणजे यातली एक ढाल मोजणे आणि दुसरी विसरणे.

तक्त्यात होणाऱ्या चुकांमध्ये ही एकच नाही. सर्वांत जास्त आढळणारी चूक म्हणजे करदर एका चौकोनात लिहून सगळ्या वर्षांना त्याचाच संदर्भ देणे. मग ३५ च्या जागी २५ टाकले की पहिल्या दोन वर्षांचा करही नव्या दराने मोजला जातो, आणि जो कर प्रत्यक्षात भरून झाला आहे त्याचाही फायदा दिसू लागतो. ही चूक ओळखण्याची खूण सोपी आहे: दर बदलल्यावर पहिल्या किंवा दुसऱ्या वर्षाची रोख रक्कम हलली तर तक्ता चुकला. दुसरी चूक उरलेल्या शिलकीऐवजी मूळ किमतीवर ढाल मोजण्याची. आपल्या उदाहरणात तिने ढालीचा तोटा ४०.१ ऐवजी ५५.६ लाख दाखवला असता. तिसरी चूक हिशेबाची नसून समजुतीची आहे, ती म्हणजे वाचलेला कर कंपनीकडेच राहील असे धरून चालणे. सुटे भाग पुरवणाऱ्या कारखान्याचा कर कमी झाला हे त्याच्या मोठ्या ग्राहकालाही ठाऊक असते आणि पुढच्या दरकराराच्या वेळी तो विषय निघतोच. आपल्या कंपनीला वर्षाला सुमारे २० लाखांची, म्हणजे वार्षिक शिलकीच्या ८% एवढी सूट द्यावी लागली, तरी ६२.६ लाखांचा सगळा फायदा पुसला जातो.

दर वाढणार असेल तर हे सगळे उलटे होते, आणि घोषणा व अंमल यांत अंतर असेल तर कंपन्यांचे वागणेही बदलते. ब्रिटनमध्ये मार्च २०२१ च्या अर्थसंकल्पात कंपनी कराचा दर १९% वरून एप्रिल २०२३ पासून २५% करण्याचे जाहीर झाले. आज यंत्र घेतले तर वजावट १९% च्या वर्षी मिळणार, दोन वर्षे थांबले तर २५% च्या वर्षी. म्हणजे घोषणेनेच कंपन्यांना खरेदी पुढे ढकलायला शिकवले असते. ते टाळण्यासाठी त्याच अर्थसंकल्पात दोन वर्षांसाठी यंत्रांच्या किमतीच्या १३०% वजावट देण्यात आली. १३० चे १९% म्हणजे २४.७. थांबून मिळणाऱ्या २५ इतकेच जवळपास. हा आकडा कुठून आला हे वेगळे सांगायला नको. भारतात २०१९ साली असा प्रश्न आला नाही, कारण घोषणा मागील तारखेपासून लागू झाली आणि कोणाला खरेदी पुढेमागे करायला वेळच मिळाला नाही.

कंपनीच्या ताळेबंदात मात्र यातले काहीच सरळ दिसत नाही. हिशेबाच्या पुस्तकात आणि करपत्रकात घसारा वेगवेगळ्या पद्धतीने मोजतात, आणि त्या फरकावरचा भावी कर ‘डिफर्ड टॅक्स’ या नावाने नोंदवतात. आपल्या कंपनीने पुस्तकात दरवर्षी सारखा, म्हणजे १२५ लाख घसारा धरला असेल तर दोन वर्षांनी पुस्तकातली किंमत ७५० लाख आणि करपत्रकातली ७२२.५ लाख. फरक २७.५ लाख. त्यावरचे पुढे भरायच्या कराचे देणे ३५% ने ९.६ लाख होते, ते २५% ने ६.९ लाख झाले. म्हणून सप्टेंबर २०१९ च्या तिमाहीत पुस्तकात पावणेतीन लाखांचा एकदाचा नफा दिसतो. प्रकल्पाला झालेला ६२.६ लाखांचा फायदा किंवा ढालीचा ४०.१ लाखांचा तोटा यांपैकी कशाशीच त्याचा मेळ बसत नाही, आणि त्या नफ्यातून एक रुपयाही हाती येत नाही.

ज्यांच्या पुस्तकात डिफर्ड टॅक्स देण्याच्या नव्हे तर येण्याच्या बाजूला होता, त्यांना दरकपातीचा पहिला धक्का तोट्याचा बसला. बँका त्यात प्रमुख. बुडीत कर्जांसाठी केलेल्या तरतुदींची वजावट पुढे मिळायची होती, आणि ती आता कमी दराची झाली. त्या तिमाहीत आयसीआयसीआय बँकेने या कारणाने २,९२० कोटी रुपयांचा एकदाचा बोजा दाखवला. ॲक्सिस बँकेवरचा बोजा २,१३८ कोटींचा होता आणि तिमाही ११२ कोटींच्या तोट्यात गेली. कारण घसाऱ्याचे नव्हते, पण तत्त्व अगदी तेच आहे: वापरायची राहिलेली प्रत्येक वजावट दर उतरला की स्वस्त होते. तोट्यात चाललेल्या कारखान्याचेही तसेच. नफा नसल्यामुळे न वापरलेला घसारा कितीही वर्षे पुढे नेता येतो, पण तो ३५% च्या काळात साठला असला तरी २५% च्या काळात वापरला तर २५% एवढेच वाचवतो.

२०१९ च्या बदलात आणखी एक गुंता होता. नवा दर आपोआप लागला नाही. आयकर कायद्याच्या कलम ११५ बीएए खाली तो मागून घ्यावा लागत असे, आणि मागणाऱ्याला काही गोष्टी सोडाव्या लागत. जादा घसारा त्यांपैकी एक. वर्षाच्या उत्तरार्धात घेतलेले आणि १८० दिवसांपेक्षा कमी वापरलेले यंत्र असेल तर पहिल्या वर्षी २०% ऐवजी १०% च जादा घसारा मिळे आणि उरलेला १०% पुढच्या वर्षी. म्हणजे डिसेंबर २०१८ मध्ये १,००० लाखांचे यंत्र बसवलेल्या कंपनीने लगेच नवा दर स्वीकारला तर तिचा १०० लाखांचा जादा घसारा त्या वर्षी हातचा गेला. ती रक्कम शिलकीत राहून १५% ने हळूहळू वजा होत राहिली, आणि तीही २५% दराने.

त्याहून मोठा त्याग मॅट क्रेडिटचा होता. घसारा आणि इतर सवलतींमुळे कर फारच कमी झाला तर पुस्तकी नफ्यावर किमान कर भरावा लागतो, तो मॅट. जास्तीचा भरलेला मॅट पुढच्या वर्षांत वळता करून घेता येत असे. नवा दर स्वीकारला की हे साठलेले क्रेडिट बुडत असे. मोठी गुंतवणूक नुकतीच केलेल्या कंपन्यांकडेच असे क्रेडिट जास्त साठलेले असते, म्हणजे नेमक्या तिसऱ्या-चौथ्या वर्षात असलेल्या प्रकल्पांच्या मालकांकडे. म्हणून अनेक कंपन्यांपुढचा खरा प्रश्न नवा दर घ्यायचा की नाही हा नव्हता, कोणत्या वर्षी घ्यायचा हा होता. क्रेडिट संपेपर्यंत जुन्या दराने घसारा वापरत राहायचे आणि मग वळायचे, हा मार्ग खुला होता. त्या मार्गाने गेलेल्या कंपनीच्या तक्त्यात दर तिसऱ्या वर्षी बदलत नाही, पाचव्या किंवा सहाव्या वर्षी बदलतो, आणि तोवर शिल्लकही घटलेली असल्याने ढालीचा तोटाही कमी होतो. आपल्या उदाहरणात पाचव्या वर्षाच्या सुरुवातीला शिल्लक ५२२ लाख असते आणि दहा टक्क्यांचा ढालीवरचा तोटा २९ लाख. मात्र मधल्या दोन वर्षांच्या नफ्यावरचा जास्तीचा कर सोसावा लागतो.

ही निवड विवरणपत्र भरण्याच्या मुदतीत १०-आयसी या नमुन्यात कळवावी लागत असे. एकदा ती केली की कंपनीला पुढच्या कोणत्याही वर्षी जुन्या दराकडे परतता येत नाही.